निरनिराळ्या चलनांतील महसूल एकत्र करताना विनिमय दर नेमका कोणत्या तारखेचा घ्यावा?

आकडेमोड | ८ मे २०२४, सकाळी १०.१२

नमस्कार. मी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या वित्त विभागात काम करते. आमचे ग्राहक अमेरिका, जर्मनी, ब्रिटन आणि जपान या देशांत असल्यामुळे इनव्हॉइस चार चलनांत निघतात, आणि दर महिन्याच्या ५ तारखेला पहाटे त्या सगळ्यांचा रुपयांतील महसूल अहवाल आपोआप तयार होऊन संचालकांना मेलने जातो. हा अहवाल माझ्या आधीच्या सहकाऱ्याने तयार केला होता आणि गेली दोन वर्षे त्याकडे कोणी फारसे पाहिले नव्हते.

परवा संचालकांनी एप्रिलचा आणि मेचा असे दोन अहवाल शेजारी ठेवून विचारले, की जानेवारी ते मार्च या तिमाहीचा आकडा दोन्हींत वेगळा कसा. मधल्या काळात त्या तिमाहीत एकही इनव्हॉइस वाढले नव्हते किंवा रद्द झाले नव्हते. एक उदाहरण देते (दर हिशेबाला सोपे जावेत म्हणून थोडे पूर्ण केले आहेत). १५ फेब्रुवारीला ४०,००० डॉलरचे एक इनव्हॉइस होते. एप्रिलच्या अहवालात ते ३३,३६,००० रुपये दिसते, मेच्या अहवालात ३३,४०,००० रुपये. त्या दिवशीचा दर ८३ रुपये होता, म्हणजे माझ्या हिशेबाने ते दोन्ही वेळा ३३,२०,००० दिसायला हवे होते.

अहवाल चालतो त्या दिवशी जो सर्वांत अलीकडचा दर उपलब्ध असेल तो सगळ्या जुन्या ओळींना लावला जातो, एवढे मला आता कळले आहे. मात्र त्याऐवजी कोणती तारीख घ्यावी यावर आमच्याकडे एकमत नाही. इनव्हॉइसची, काम पूर्ण झाल्याची, पैसे आल्याची की महिनाअखेरची? आमचे साहेब तर म्हणतात, की आजचाच दर बरोबर आहे, कारण त्यामुळे आज हातात किती रुपये येतील ते समजते.

---

दशमान | ८ मे, सकाळी १०.३१

एकही विक्री न करता मागच्या तिमाहीचा महसूल वाढवून देणारा अहवाल तुमच्याकडे असताना विक्री विभागाचा पगार कशाला द्यायचा, असा प्रश्न संचालकांनी अजून विचारलेला दिसत नाही.

---

सनदी_साक्षी | ८ मे, दुपारी १२.०५

तुमच्या साहेबांचा प्रश्न चुकीचा नाही. तो महसुलाविषयीचा नाही, एवढेच. आज किती रुपये हातात येतील हा प्रश्न येणे रकमेचा आहे, आणि येणे रक्कम व महसूल या दोन गोष्टी एकाच इनव्हॉइसमधून जन्मल्या तरी त्यानंतर त्यांचे मार्ग वेगळे होतात. तुमचा अहवाल त्या दोघांना एकच दर लावून पुन्हा एकत्र बांधतो आहे.

तुमची कंपनी इंड एएस २१ हे लेखा मानक पाळत असो किंवा जुने एएस ११, मूळ नियम सारखाच आहे. व्यवहार ज्या दिवशी पुस्तकात नोंदवण्याजोगा झाला त्या दिवसाच्या दराने महसूल रुपयांत लिहायचा आणि त्यानंतर त्याला हात लावायचा नाही. येणे रक्कम मात्र दर ताळेबंदाच्या तारखेला त्या दिवसाच्या दराने पुन्हा मोजायची, आणि जो फरक पडेल तो विनिमय नफा किंवा तोटा म्हणून वेगळ्या खात्यात न्यायचा.

तुमचेच इनव्हॉइस पुढे नेऊ. १५ फेब्रुवारीला काम पूर्ण होऊन इनव्हॉइस निघाले असे धरले, तर महसूल ३३,२०,००० रुपये. ३१ मार्चला पैसे आले नव्हते, आणि वर्षअखेरचा दर ८३.३७ होता, म्हणून येणे झाले ३३,३४,८००, आणि १४,८०० रुपये विनिमय नफ्यात गेले. समजा, २० एप्रिलला ८३.४५ दराने पैसे आले, तर बँकेत ३३,३८,००० जमा झाले आणि उरलेला ३,२०० रुपयांचा फरक नव्या वर्षाच्या विनिमय नफ्यात गेला. या सगळ्या प्रवासात महसुलाचा आकडा एकदाही बदलला नाही. साहेबांना येणे रकमेचा एक स्वतंत्र तक्ता आजच्या दराने द्या, त्यांचे समाधान होईल.

मात्र काही ग्राहकांकडून वर्षभराचे पैसे आधी घेत असाल, तर "इनव्हॉइसची तारीख" हे उत्तर पुरणार नाही. तसे आहे का, ते कळवा.

---

हापूस | ८ मे, दुपारी १.४०

आमच्याकडेही हाच त्रास आहे. मी रत्नागिरीहून दुबईला आंबा पाठवतो. शिपिंग बिलावर एक दर असतो, आमचा हिशेबनीस पुस्तकात दुसरा लिहितो, आणि बँक पैसे जमा करताना तिसराच लावते, तोही नेहमी आमच्या तोट्याचा. तुम्ही बँकेकडे तक्रार केली आहे का? माझ्या मते आधी बँक बदलून पाहावी.

---

सनदी_साक्षी | ८ मे, दुपारी २.२०

हापूस, धागाकर्त्या ताईंची तक्रार बँकेविषयी नाही, परंतु तुमचे तीन दर या विषयात नक्की बसतात. शिपिंग बिलावरचा दर सीमाशुल्क विभाग ठरवतो, आणि तो महिन्यातून दोनदा, पहिल्या व तिसऱ्या गुरुवारी जाहीर होतो. वस्तूंच्या निर्यातीचे मूल्य जीएसटीसाठीही त्याच दराने मोजायचे असते. ताईंची निर्यात सेवांची आहे, आणि सेवांसाठी लेखा मानकांप्रमाणे येणारा दर चालतो. त्यामुळे ताईंच्या पुस्तकातील महसूल आणि जीएसटी विवरणपत्रातील उलाढाल साधारण जुळायला हवी, आणि तुमची जुळली नाही तरी त्यात चूक असेलच असे नाही. त्या फरकाचा तक्ता मात्र हिशेबनिसांकडून दरमहा मागून घ्या.

बँकेचा दर हा तुमचे डॉलर किंवा दिरहम प्रत्यक्ष विकले गेले तो दर आहे. त्यातून आलेला फरक विनिमय नफ्यातोट्यात जाईल. त्यावरून आंब्याची विक्री वाढली किंवा घटली असे म्हणता येणार नाही.

---

सरळव्याज | ८ मे, सायंकाळी ५.१५

एवढ्या खोलात जाण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. मानकातच महिन्याची सरासरी वापरण्याची मुभा आहे. आम्ही वीस वर्षे दर महिन्याचा एक सरासरी दर काढतो, त्या महिन्यातील सगळ्या इनव्हॉइसना तोच लावतो, आणि आजवर एकाही ऑडिटरने हरकत घेतलेली नाही. स्वयंचलित अहवालासाठी तर हे वरदान आहे, कारण दर महिन्याला प्रत्येक चलनासाठी एकच आकडा भरावा लागतो.

---

म्युनिकचा_मराठी | ८ मे, रात्री ११.४८

सरळव्याज, मुभा आहे हे खरे आहे, परंतु तिला एक अट जोडलेली आहे आणि ती तुम्ही गाळली. त्या काळात दरात मोठे चढउतार झाले असतील, तर सरासरी वापरू नये असे तेच मानक सांगते.

मी इथे एका समूहाच्या एकत्रित हिशेबांवर काम करतो आणि आमची एक शाखा स्वित्झर्लंडमध्ये आहे. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस राष्ट्रीय बँकेने एका युरोला किमान १.२० फ्रँक ही मर्यादा अचानक उठवली. सकाळपर्यंत दर १.२० होता आणि त्यानंतर तो एकाच्या आसपास आला. त्या महिन्याची सरासरी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पडते, म्हणजे असा दर, ज्या दराने त्या महिन्यात जवळजवळ कोणताही व्यवहार झाला नव्हता. आमच्या यंत्रणेने मात्र तो निमूटपणे सगळ्या ओळींना लावला. शेवटी आम्हांला महिन्याचे दोन तुकडे करून दोन सरासऱ्या घ्याव्या लागल्या.

दुसरी गोष्ट अशी, की साधी सरासरी सगळ्या दिवसांना सारखे वजन देते. तुमची बरीचशी इनव्हॉइस महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत निघत असतील, आणि सॉफ्टवेअर कंपन्यांत ती तशीच निघतात, तर पहिल्या आठवड्यातील दराचा त्यांच्याशी संबंध काय? दर सरळ एका दिशेने सरकत असेल, तर सरासरीमुळे होणारी चूक दर महिन्याला त्याच बाजूला पडते आणि साचत जाते.

---

सरळव्याज | ९ मे, सकाळी ८.३०

ऑगस्ट २०१३ मी विसरलो नाही. महिन्याच्या सुरुवातीला साठ-एकसष्टच्या आसपास असलेला डॉलर २८ तारखेला अडुसष्टच्या वर गेला, आणि त्या महिन्यात आम्हीही रोजचा दर वापरला होता. अपवाद मान्य आहे, परंतु रुपया शांत असतो अशा महिन्यांत सरासरी पुरेशी आहे या मतावर मी ठाम आहे.

---

टॅली_ताई | ९ मे, सकाळी ९.०५

पण महिना शांत होता की नाही हे कोणी आणि कोणत्या तारखेला ठरवायचे? माणूस हिशेब लिहीत असेल तर त्याला जाणवते. पहाटे आपोआप चालणाऱ्या अहवालाला ते जाणवत नाही.

---

आकडेमोड | ९ मे, दुपारी ३.१०

सर्वांचे आभार. साक्षीसाहेब, आमचे निम्म्याहून अधिक ग्राहक वार्षिक वर्गणीचे आहेत आणि पैसे आधी देतात, त्यावर सविस्तर लिहाल तर बरे होईल.

दरम्यान मी एक बदल करून पाहिला आणि त्यातून नवीनच अडचण निघाली. आमच्या डेटाबेसमध्ये एफबीआयएल ही संस्था जाहीर करते ते रोजचे संदर्भ दर साठवलेले आहेत. "सर्वांत अलीकडचा दर" काढून टाकून मी इनव्हॉइसच्या तारखेला त्याच तारखेचा दर जोडला. १५ फेब्रुवारीचे इनव्हॉइस लगेच ३३,२०,००० दाखवू लागले, परंतु तिमाहीचा एकूण आकडा सोळा लाखांहून अधिक खाली आला. दराच्या फरकाने इतकी घट होणे शक्य नाही. मी फेब्रुवारीच्या सगळ्या ओळी तपासल्या, एक-दोन सोडून बाकी बरोबर वाटल्या.

---

कोष्टक | ९ मे, दुपारी ४.०२

ताई, फेब्रुवारी सोडा आणि मार्चचा शेवटचा आठवडा पाहा. २९ मार्चला गुड फ्रायडे होता, ३० आणि ३१ शनिवार-रविवार होते, आणि १ एप्रिल बँकांचा वार्षिक हिशेबाचा दिवस होता. या चारही दिवसांचा संदर्भ दर अस्तित्वातच नाही, २८ मार्चनंतर एकदम २ एप्रिलचा आहे. तुम्ही साधा `JOIN` वापरला असेल, तर दुसऱ्या बाजूला जोडीदार न सापडलेली इनव्हॉइस अहवालातून गुपचूप गळतात, आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. फेब्रुवारीतल्या ज्या "एक-दोन" ओळी तुम्ही सोडून दिल्या, त्याही बहुधा शनिवार-रविवारच्या असतील.

दर जोडताना "त्याच तारखेचा" असे न म्हणता "त्या तारखेचा किंवा त्याआधीचा सर्वांत जवळचा" असे म्हणावे लागते.

```sql
SELECT i.id, i.amount * r.rate AS inr, r.rate_date
FROM invoices i
LEFT JOIN LATERAL (
  SELECT rate, rate_date FROM fx_rates
  WHERE ccy = i.ccy AND rate_date <= i.txn_date
    AND rate_date >= i.txn_date - 5
  ORDER BY rate_date DESC LIMIT 1
) r ON true;
```

यात दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. `LEFT JOIN` मुळे दर न मिळालेली ओळ गळत नाही, ती रुपयांच्या स्तंभात रिकामी राहते आणि ओरडून लक्ष वेधते. पाच दिवसांची मर्यादा यासाठी, की दर आणणारे काम महिनाभर बंद पडले तर महिन्यापूर्वीचा शिळा दर लागू नये. मार्चअखेरची चार दिवसांची दरी त्या मर्यादेत बसते.

अहवाल पाठवण्यापूर्वी मूळ इनव्हॉइसची संख्या आणि अहवालातील ओळींची संख्या प्रत्येक चलनासाठी जुळवून पाहा. रुपये जुळवण्याआधी डॉलरची बेरीज डॉलरशी आणि येनची येनशी जुळली पाहिजे.

---

आकडेमोड | ९ मे, सायंकाळी ५.३५

कोष्टक, अगदी तेच निघाले. ३० मार्चला जर्मन ग्राहकाची तीन इनव्हॉइस होती, मिळून १८,००० युरो. २८ मार्चच्या ९०.२२ या दराने त्यांचे १६,२३,९६० रुपये होतात. वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा आठवडाच मी माझ्या हाताने अहवालातून वगळला होता. फेब्रुवारीच्या त्या दोन ओळी खरोखर रविवारच्या होत्या, पण रकमा किरकोळ असल्यामुळे मी दुर्लक्ष केले.

---

टॅली_ताई | ९ मे, सायंकाळी ६.१०

एक शंका. शनिवारच्या इनव्हॉइसला शुक्रवारचा दर का, सोमवारचा का नाही? आमच्याकडे कोल्हापुरात एका पक्षाचे हिशेब आधीपासून पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या दराने लिहिलेले आहेत. शिवाय टॅलीत प्रमाण, विक्री आणि खरेदी असे तीन दर भरता येतात, आणि तिथे कोणी कोणता भरला आहे हे पाहिल्याशिवाय मी आता कोणत्याही अहवालावर विश्वास ठेवत नाही.

जाता जाता, येनचा संदर्भ दर १०० येनला किती रुपये असा प्रसिद्ध होतो. ताईंच्या जपानी ग्राहकाकडे एकदा नजर टाकावी.

---

दशमान | ९ मे, सायंकाळी ६.२२

त्यांचा जपानी ग्राहक अचानक शंभरपट मोठा झालेला सापडला, तर संचालकांना सांगण्यापूर्वी एक चहा तरी मागून घ्यावा.

---

कोष्टक | ९ मे, रात्री ९.४०

टॅली_ताई, आधीचा दर घेण्याचे माझे कारण व्यावहारिक आहे. शनिवारी इनव्हॉइस निघते तेव्हा सोमवारचा दर जगात कोणालाच ठाऊक नसतो, त्यामुळे पुढचा दर घ्यायचा ठरवला तर ती ओळ दोन दिवस रुपयांविना पडून राहते. परंतु दोन्ही पद्धती चालतात असे मला वाटते, दोन्ही एकाच अहवालात मिसळल्या तर मात्र चालणार नाही.

यालाच लागून एक सूक्ष्म चूक आहे, जिच्यात मी स्वतः सहा महिने अडकलो होतो. एफबीआयएलचा दर दुपारी दीडच्या सुमारास येतो. आमचा अहवाल सकाळी सात वाजता चालत असे, तेव्हा आजच्या तारखेच्या इनव्हॉइसला वरील नियमाने कालचा दर लागत असे. तोच अहवाल संध्याकाळी पुन्हा चालवला की त्याच ओळीला आजचा दर लागे. त्यामुळे सकाळी छापलेला आणि संध्याकाळी छापलेला अहवाल कधीच जुळत नसे, आणि दुसऱ्या दिवशी कारण शोधायला जावे तर पुरावा शिल्लक नसे. शेवटी आम्ही अहवालात दर शोधणेच बंद केले. इनव्हॉइस पुस्तकात चढते त्या वेळी एकदाच दर ठरतो, आणि त्या ओळीतच रक्कम, दर, दराची तारीख आणि दराचा स्रोत असे चार स्तंभ कायमचे लिहिले जातात. अहवाल फक्त बेरीज करतो. दर चुकला असे नंतर लक्षात आले, तर जुनी ओळ न पुसता दुरुस्तीची वेगळी नोंद होते.

आणि तारीख म्हणजे कुठली तारीख, हेही पाहा. आमचे पेमेंट गेटवे सगळ्या वेळा यूटीसीमध्ये देते. तिथे ३१ मार्च, रात्री ८.१५ असे लिहिलेला व्यवहार आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे पावणेदोनला झालेला असतो. इथे दर एका दिवसाने चुकतोच, शिवाय महसूल चुकीच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतो. वेळेवरून तारीख काढण्याआधी साडेपाच तास मिळवले आहेत का, ते तपासा.

---

म्युनिकचा_मराठी | १० मे, रात्री १२.२०

स्रोताच्या स्तंभाला माझे अनुमोदन. युरोपीय केंद्रीय बँकेचे दर दुपारी चारच्या सुमारास प्रसिद्ध होतात आणि ते सगळे युरोला पाया धरून असतात. त्यावरून डॉलर-रुपया काढायचा तर युरो-रुपयाला युरो-डॉलरने भागावे लागते, आणि तो आकडा मुंबईच्या दुपारच्या आकड्याशी तंतोतंत जुळत नाही. आमच्या भारतीय शाखेने एक स्रोत आणि आम्ही दुसरा वापरल्यामुळे समूहांतर्गत व्यवहारांत दर महिन्याला काही शे युरोंचा फरक उरत असे, आणि तो शोधण्यात लोकांचे दिवस जात. कोणता स्रोत अधिक "खरा" हा वाद निरर्थक आहे, दोन्हीकडे एकच हवा. सुट्ट्यांचेही तसेच. १ मे रोजी तुमच्याकडे महाराष्ट्र दिनामुळे दर नसतो आणि इथे कामगार दिनामुळे नसतो, परंतु असा योग दर सुट्टीला येत नाही.

---

सनदी_साक्षी | १० मे, सकाळी ११.१५

आता आगाऊ घेतलेल्या वर्गणीविषयी. ताई, तुमच्या अहवालात सगळ्यात मोठी चूक इथे असेल असा माझा अंदाज आहे.

ग्राहकाने बारा महिन्यांचे पैसे आधी दिले, की तुमच्या ताळेबंदात एक देणे तयार होते. ते देणे पैशांत फेडायचे नसते, सेवा देऊन फेडायचे असते. म्हणून ते येणे रकमेसारखे दर महिन्याला नव्या दराने मोजले जात नाही. पैसे आले त्या दिवसाच्या दराने ते रुपयांत गोठते, आणि पुढे दर महिन्याला जो महसूल निघतो तो त्या गोठलेल्या रुपयांतला बारावा हिस्सा असतो. सेवा कोणत्या महिन्यात दिली यावरून महसुलाचा महिना ठरतो, परंतु दराची तारीख आगाऊ रकमेचीच राहते. इंड एएस २१ च्या परिशिष्ट बी मध्ये हे १ एप्रिल २०१८ पासून स्पष्ट लिहिलेले आहे. पैसे हप्त्यांनी आले असतील, तर प्रत्येक हप्त्याला त्याची स्वतःची तारीख.

स्वयंचलित अहवालात सामान्यतः काय होते, तर डॉलरमधील वर्गणी बारा ओळींत विभागली जाते, प्रत्येक ओळीला तिच्या महिन्याची तारीख पडते, आणि दर जोडणारा प्रोग्राम ती तारीख पाहून त्या महिन्याचा दर लावतो. प्रत्येक ओळ वेगवेगळी पाहिली तर निर्दोष वाटते. ही चूक ओळखण्याची एक खूण आहे. मुदत संपलेला एखादा करार घ्या आणि त्याच्या आगाऊ वर्गणीच्या खात्यातील शिल्लक दोन्ही चलनांत पाहा. डॉलरमध्ये शून्य आणि रुपयांत शून्य नसलेली शिल्लक दिसली, तर महसूल चुकीच्या तारखेच्या दराने निघाला आहे.

---

आकडेमोड | १० मे, दुपारी ४.५०

साक्षीसाहेब, खूण अचूक ठरली. एका अमेरिकी ग्राहकाने १० जानेवारी २०२३ रोजी १२,००० डॉलर भरले होते, मुदत फेब्रुवारी २०२३ ते जानेवारी २०२४. तेव्हाचा दर सोयीसाठी ८२ धरते, म्हणजे आगाऊ जमा ९,८४,००० आणि दरमहा महसूल ८२,००० व्हायला हवा होता. आमच्याकडे वर्गणीच्या नोंदींना दर महिन्याला त्या महिन्याअखेरचा दर लागला, त्याची बारा महिन्यांची सरासरी ८२.७० पडली आणि महसूल झाला ९,९२,४००. जेवढे रुपये आले त्यापेक्षा ८,४०० रुपये अधिक महसूल आम्ही दाखवला, आणि आगाऊ वर्गणीच्या खात्यात तेवढीच उलटी शिल्लक उरली आहे. डॉलरमध्ये ते खाते शून्य आहे. अशी साठएक खाती आहेत. माझ्या आधीच्या सहकाऱ्याने त्यांना "किरकोळ फरक" असे नाव देऊन ठेवले होते.

---

सरळव्याज | १० मे, सायंकाळी ६.३०

हे मला नवीन आहे आणि पटलेही. म्हणजे वर्गणीसाठी सरळ बँकेत पैसे आलेली तारीख घ्यायची, एवढे लक्षात ठेवले की झाले.

---

सनदी_साक्षी | १० मे, रात्री ८.१०

बहुतेक वेळा, हो. परंतु करार रद्द न होणारा असेल आणि पैसे १ जानेवारीला देय असताना ग्राहकाने ते २० फेब्रुवारीला दिले, तर देणे १ जानेवारीलाच उभे राहते, कारण त्या दिवशी पैसे मागण्याचा तुमचा हक्क बिनशर्त झाला. मग दर १ जानेवारीचा, आणि १ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळातला फरक येणे रकमेवरचा विनिमय नफा किंवा तोटा. बँकेची तारीख डोळे झाकून घेणारा प्रोग्राम उशिरा पैसे देणाऱ्या प्रत्येक ग्राहकाच्या बाबतीत चुकेल. करार रद्द होऊ शकतो की नाही, हे करारच वाचून ठरवावे लागते, आणि ती माहिती बहुतेक डेटाबेसमध्ये नसते.

---

कोष्टक | १० मे, रात्री ८.४५

मग एक प्रश्न माझाही. फेब्रुवारीत ८३ दराने निघालेले इनव्हॉइस मे महिन्यात क्रेडिट नोट काढून रद्द केले, तर क्रेडिट नोटला दर कोणता? आम्ही मूळ इनव्हॉइसचाच दर उचलतो, म्हणजे त्या व्यवहाराचा महसूल रुपयांतही बरोबर शून्य होतो. मेचा दर लावला तर न झालेल्या विक्रीचा काही हजारांचा उणे महसूल मागे राहतो.

---

म्युनिकचा_मराठी | १० मे, रात्री ११.५५

संपूर्ण रद्द करण्यासाठी मूळ दर मलाही पटतो. परंतु नंतर ठरलेल्या सवलतीची क्रेडिट नोट हा मे महिन्यात झालेला नवा निर्णय आहे, असे आमच्या ऑडिटरांचे म्हणणे पडले, आणि आम्ही तिला मेचाच दर लावतो.

---

सनदी_साक्षी | ११ मे, सकाळी १०.०५

मी सवलतीलाही मूळ दरच लावीन, कारण सवलतीमुळे मूळ व्यवहाराचीच किंमत बदलते. मात्र दुसरी बाजू मांडणारे जाणकार मी पाहिले आहेत. ताई, यात तुमच्या ऑडिटरांचे मत लेखी घ्या आणि क्रेडिट नोटच्या ओळीत मूळ इनव्हॉइसचा क्रमांक सक्तीचा करा. तो नसेल, तर यातली कोणतीच पद्धत वापरता येणार नाही.

---

आकडेमोड | १३ मे, दुपारी १२.४०

तीन दिवसांतील प्रगती कळवते. दर आता इनव्हॉइसच्या ओळीतच लिहिला जातो, वर्गणीच्या बारा ओळी मूळ आगाऊ रकमेचा दर घेतात, आणि उशिरा पैसे देणाऱ्या नऊ ग्राहकांचे करार मी कायदा विभागाकडून मागवले आहेत. जपानी ग्राहक शंभरपट झालेला नव्हता. आधीच्या सहकाऱ्याने तिथे शंभराने भागून ठेवले होते, त्यामुळे त्याला मी मनातल्या मनात थोडे माफ केले.

साहेबांनी आता वेगळी मागणी केली आहे. गेल्या वर्षीपेक्षा विक्री खरोखर वाढली की रुपया घसरल्यामुळे ती वाढल्यासारखी दिसते, हे त्यांना पाहायचे आहे. त्यासाठी दोन्ही वर्षांना एकच दर लावलेला स्तंभ ठेवते आहे, पण त्याच्या मथळ्यात "पुस्तकाशी जुळणार नाही" असे लिहिले आहे. क्रेडिट नोटवर ऑडिटरांचे उत्तर अजून आलेले नाही, आणि मागच्या वर्षात जास्त दाखवलेल्या महसुलाची दुरुस्ती कोणत्या वर्षात करायची हा प्रश्नही त्यांच्याकडेच आहे.

---

हापूस | १३ मे, दुपारी २.१५

मी हिशेबनिसांकडून तिन्ही दरांचा तक्ता मागवला. बँकेवर माझा जेवढा राग होता त्यातला निम्मा फरक बँकेमुळे पडलाच नव्हता, माल पाठवल्यापासून पैसे येईपर्यंतच्या चाळीस दिवसांत दर खाली आला होता. बँक मात्र तरीही बदलणार आहे.